वर्गातला स्पीकर दगा देतोय, मुख्याध्यापिकांना पत्र लिहायचंय. मसुदा बघाल का?

सातरस्ता | २४ जुलै २०२५, रात्री ९:४०

मी सोलापुरात एका माध्यमिक शाळेत शिकवते. परिपाठ, राष्ट्रगीत, सूचना सगळं ऑफिसातून माइकवर होतं आणि प्रत्येक वर्गात भिंतीवर एक स्पीकर आहे. खाली आठ वर्ग, वर नऊ. दोन आठवड्यांपासून वरच्या मजल्यावर आवाज पुटपुटल्यासारखा येतोय आणि मध्येच सगळं बंद पडतं. सोमवारी राष्ट्रगीताच्या मधोमध गप्प झालं. काही वर्ग गात राहिले, काही थांबले, सातवीतली पोरं शेजारच्या वर्गाचं ऐकून दोन शब्द मागून म्हणत होती. मला हसू आवरेना आणि हसताही येईना.

तोंडी तीनदा सांगून झालं. आता बाईंना रीतसर पत्र द्यायचंय. १५ ऑगस्टच्या आत काहीतरी व्हायला हवं. मसुदा असा आहे:

"प्रति, मा. मुख्याध्यापिका. विषय: वर्गातील स्पीकर नादुरुस्त असल्याबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करते की, गेल्या बऱ्याच दिवसांपासून वर्गातील स्पीकर नीट चालत नाहीत. आवाज स्पष्ट येत नाही. वारंवार तोंडी कळवूनही दखल घेतली गेलेली नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होत आहे. तरी नवीन ॲम्प्लिफायर खरेदी करून सहकार्य करावे, ही नम्र विनंती."

भाषा ठीक आहे का?

शेंगाचटणी | रात्री ९:५२

भाषा एकदम ओके. "शैक्षणिक नुकसान" आलं म्हणजे पत्र पूर्ण झालं.

कायदेशीर_काका | रात्री १०:०५

मॅडम, मुख्याध्यापिकांना कशाला, थेट पोलीस ठाण्यात अर्ज द्या. शाळेच्या भोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या गल्लीतल्या मंडळाला मी याच नियमावर गप्प केलं होतं.

सातरस्ता | रात्री १०:११

काका, आवाज येत नाही ही तक्रार आहे.

कायदेशीर_काका | रात्री १०:१३

बरं. पण नियम लक्षात असू द्या.

निवृत्त_हेडमास्तर | रात्री १०:४०

बाई, राग मानू नका. मी सतरा वर्षं त्या खुर्चीत बसलो आहे. असं पत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर मी "पाहू" असा शेरा मारून फाइलला लावलं असतं. कारण त्यात मला करण्यासारखं काहीच नाही.

"बऱ्याच दिवसांपासून" म्हणजे केव्हापासून? "नीट चालत नाहीत" म्हणजे नेमकं काय होतं? "दखल घेतली गेली नाही" हे तुम्ही कोणाला लिहिताय? जिने दखल घ्यायची तिलाच. वाचताच ती बचावाच्या पवित्र्यात जाणार. त्यापेक्षा "अमुक तारखेला तोंडी कळवले होते" एवढंच लिहा. अर्थ तोच निघतो, काटा मात्र टोचत नाही.

आणि शेवटचं वाक्य सगळ्यात घातक. नवीन ॲम्प्लिफायर म्हणजे खरेदी. खरेदी म्हणजे दरपत्रकं, शाळा समितीची बैठक, मंजुरी. १५ ऑगस्ट कुठला, २६ जानेवारी उजाडेल. तपासणी आणि दुरुस्ती मागितलीत तर मुख्याध्यापिका किरकोळ खर्चातून उद्या माणूस बोलावू शकतात.

कडक_भाकरी | रात्री ११:०२

सर बरोबर बोलायलेत. पण ॲम्पच गेलाय हे नक्की. आमच्या कारखान्यात पण असंच झालतं, गरम होऊन बंद पडायचा. नवीन आणला, विषय संपला. पत्रात फिरवाफिरवी कशाला बे, सरळ नवीन मागा.

ओहम_शांती | २५ जुलै, सकाळी ६:३०

माझं रोजचं काम हेच आहे, शाळा, मंगल कार्यालयं, कारखान्यातली अनाउन्समेंट. भाकरी, गरम होऊन बंद पडणारा ॲम्प गेलेलाच असतो असं नाही. बऱ्याचदा तो चांगला असतो म्हणूनच बंद पडतो. त्याला झेपत नाही एवढं ओझं लाइनवर आलं की तो स्वतःला वाचवतो.

मॅडम, पत्राआधी एवढं सांगा.
पहिल्यांदा नेमकं कोणत्या दिवशी जाणवलं? त्याच्या आदल्या आठवड्यात शाळेत काय झालं होतं, रंगकाम, वायरिंग, काही बदललं?
खालच्या आठ वर्गांतही आवाज कमी होतो का?
वरच्या नऊपैकी एखाद्या वर्गात बाकीच्यांपेक्षा वेगळं काही ऐकू येतं का?
बंद पडतं तेव्हा ॲम्पवर लाल दिवा लागतो का, आणि परत आपोआप येतं का?

तळ्याकाठी | सकाळी ७:१५

आमच्या शाळेत पावसाच्या दिवशीच खरखर यायची. गच्चीच्या कठड्यावर वायरचा जोड होता, त्यावर नुसती चिकटपट्टी. पाणी शिरून तांबं हिरवं पडलं होतं. आम्ही कॅलेंडरवर पाऊस पडला त्या दिवशी "प" आणि खरखर आली त्या दिवशी "ख" लिहायला लागलो, तेव्हा कळलं. तुमचंही तेच असणार.

सातरस्ता | दुपारी ४:२०

आज डबा खाता खाता सगळ्यांना विचारून वहीत तारखा मांडल्या. मलाच धक्का बसला.

तळ्याकाठी, पावसाशी काही जुळत नाही. कोरड्या दिवशीही तसंच होतं.

१० जुलैला गुरुपौर्णिमेला एका माजी विद्यार्थ्याने शाळेला एक स्पीकर भेट दिला. आठवी ब मधला जुना बंदच होता, तिथे ११ तारखेला शाळा सुटल्यावर आमच्या शिपाई मामांनी तो बसवला. १२ जुलै, शनिवारी सकाळच्या परिपाठाला वर सगळीकडे आवाज पडलेला. त्याआधी एकाही वर्गाची तक्रार नाही.

आणि हो, आठवी ब मध्ये उलटंच आहे! तिथे आवाज मोठा येतो, पण फाटका. पोरं म्हणतात "मॅडम, आमच्याकडे भारी वाजतो". खालच्या मजल्यावरही थोडा कमी झालाय, पण वरच्याइतका नाही. १४ तारखेला मामांनी आवाजाची खुंटी ४ वरून ८ वर नेली. त्या दिवसापासून मध्येच बंद पडणं सुरू झालं. लाल दिवा लागतो. दहा मिनिटं बंद ठेवलं की परत चालू होतं.

ओहम_शांती | दुपारी ४:५५

सापडलं बहुतेक. पैज लावत नाही, पण जवळजवळ.

शाळेतल्या अशा लाइनवर ॲम्पमधून शंभर व्होल्टपर्यंतचा सिग्नल जातो. म्हणून लांबपर्यंत बारीक वायर चालते. प्रत्येक वर्गातल्या पेटीत स्पीकरच्या मागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आम्ही एलएमटी म्हणतो. तो लाइनवरून ठरलेलेच वॉट घेतो, वर्गासाठी साधारण पाच. तुमचे सतरा वर्ग धरले तर पंच्याऐंशी वॉट. ॲम्प कितीचा आहे? मागे लिहिलेलं असेल.

घरच्या म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरला हा ट्रान्सफॉर्मर नसतो. तो थेट आठ ओहमचा असतो. तो तसाच शंभर व्होल्टच्या लाइनला जोडला की पाच वॉटऐवजी साडेबाराशे वॉट मागायला लागतो. ॲम्प तेवढे देणार कुठून? मग जे आहे ते बहुतेक तोच ओढतो, म्हणून तिथे मोठा आणि फाटका. बाकीच्यांच्या वाट्याला पुटपुट. गच्चीच्या टाकीवर सतरा तोट्या बारीक सोडलेल्या आहेत आणि कोणीतरी एक तोटी काढून पाइपच उघडा ठेवलाय, असं समजा.

खुंटी वाढवली तेव्हा मामांनी चांगल्याच भावनेने ॲम्पला आणखी मारलं. ताबडतोब ४ वर आणा.

शेंगाचटणी | दुपारी ५:०१

सोलापुरात टाकीचं उदाहरण देताय. पाणी किती दिवसांनी येतं याचा धागा वेगळा आहे, कृपया तिकडे जा.

कडक_भाकरी | दुपारी ५:१०

मग सोपंय की. मल्टीमीटर लावायचा लाइनला. ओहम कमी दाखवले की शॉर्ट. पत्र बित्र काय नको.

ओहम_शांती | दुपारी ५:२६

अर्धं खरं आहे. मल्टीमीटर डीसी मोजतो. त्या ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी डीसीला तशीही फार विरोध करत नाही, आवाजाच्या सिग्नलला करते. नऊ पेट्या एकत्र मोजल्या तर चांगल्या लाइनवरही आकडा बराच खाली येईल आणि तू शॉर्ट म्हणून ओरडशील. त्याला वेगळा इम्पिडन्स मीटर लागतो. तो नसेल तर एकेक पेटी सोडवून बघायची. नऊ वर्गांत मधला पाचवा वर्ग आधी तोडायचा, दोष अलीकडे की पलीकडे ते कळतं, मग उरलेल्याचा मधला. तीन-चार वेळांत पकडता येतो. ॲम्प बंद करून हं. चालू लाइनला हात लावला तर चांगलाच झटका बसतो.

मॅडम, तुम्ही वायरला हात लावू नका. तुमच्याकडे मजल्याचं वेगळं बटण आहे का?

सातरस्ता | २५ जुलै, रात्री ८:३०

आहे. ॲम्पच्या शेजारी लाकडी पाटीवर दोन बटणं, "खाली" आणि "वर". ॲम्प १२० वॉटचा आहे.

शाळा सुटल्यावर मामांना घेऊन करून पाहिलं. खुंटीवर ४ च्या जागी माझ्या नेलपॉलिशचा ठिपका लावला, म्हणजे वाद नको. "वर" बंद ठेवून फक्त "खाली" चालू केलं. मोबाइलवरचं भाषण माइकसमोर वीस मिनिटं चालवलं. आठही वर्गांत स्वच्छ. लाल दिवा नाही. मग "वर" चालू केलं. त्याच क्षणी खालचा आवाज उतरला, म्हणजे कानाला कळेल इतका. सहाव्या मिनिटाला लाल दिवा.

निवृत्त_हेडमास्तर | रात्री ९:००

बाई, आता तुमच्या हातात पत्र आहे. हे जे वर लिहिलंत तेच लिहा. अनुमान लिहू नका, जे दिसलं ते लिहा. ॲम्प चांगला आहे असंही तुम्ही म्हणू नका, "फक्त खालचा मजला चालू असता वीस मिनिटे अडथळा आला नाही" म्हणा. वाचणारा आपसूक तिथे पोहोचतो.

एक नाजूक बाब. भेट दिलेल्या स्पीकरला पत्रात दोषी धरू नका. माजी विद्यार्थी आहे, कदाचित संस्थेत कोणाचा तरी जवळचा. दोन तारखा एकाखाली एक ठेवा, बस्स. आणि मामांचं नाव कुठेही नको.

पुणेकर_सध्या | रात्री ९:१८

पण एवढा घाट कशासाठी? मूळची सोलापूरची आहे, शाळा छोट्या असतात. बाईंच्या केबिनमध्ये जाऊन पाच मिनिटं बोलायचं. लेखी दिलं की लोक "तक्रार केली" म्हणतात आणि वर्षभर तोंड वाकडं. माझ्या आईने एकदा पंख्यासाठी पत्र दिलं होतं, पंखा आला पण पर्यवेक्षक दोन वर्षं बोलले नाहीत.

निवृत्त_हेडमास्तर | रात्री ९:३५

तुमच्या आईंनी पत्र न देता पंखा आला असता का?

पुणेकर_सध्या | रात्री ९:३६

नाही. पण पर्यवेक्षक बोलले असते.

तळ्याकाठी | रात्री ९:५०

दोन्ही करा. आधी भेटून सांगायचं "मॅडम, दुरुस्तीवाल्याला दाखवायला बरं पडेल म्हणून लिहून देते", मग पत्र. दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि सही घेऊन आपल्याकडे.

सातरस्ता | २६ जुलै, दुपारी १२:१०

आज अर्धी शाळा होती. बाईंना भेटले, मग दिलं. तळ्याकाठींचं वाक्य जसंच्या तसं वापरलं, थँक्यू. पत्र असं:

"प्रति, मा. मुख्याध्यापिका.
विषय: वरच्या मजल्यावरील स्पीकर लाइनची तपासणी व दुरुस्ती होणेबाबत.

महोदया,
वरच्या मजल्यावरील नऊ वर्गांमध्ये दि. १२ जुलै २०२५ पासून परिपाठाचा आवाज अतिशय कमी येत आहे. आठवी ब मध्ये मात्र आवाज मोठा परंतु फाटलेला येतो. दि. ११ जुलै रोजी शाळा सुटल्यानंतर आठवी ब मधील स्पीकर बदलण्यात आला होता. त्यापूर्वी आवाजाबाबत अडचण नव्हती.

दि. १४ जुलै रोजी आवाजाची खुंटी ४ वरून ८ वर नेली असता काही मिनिटांत ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागून दोन्ही मजल्यांवरील आवाज बंद झाला व सुमारे दहा मिनिटांनी पूर्ववत झाला. दि. १७, २१ व २२ जुलै रोजी पुन्हा तसेच घडले. दि. २१ रोजी राष्ट्रगीत सुरू असताना आवाज बंद पडला.

दि. २५ जुलै रोजी शाळा सुटल्यावर खुंटी ४ वर ठेवून पाहिले. केवळ खालचा मजला चालू असता वीस मिनिटे कोणताही अडथळा आला नाही. वरचा मजला चालू करताच खालचाही आवाज कमी झाला व सहाव्या मिनिटाला लाल दिवा लागला. तेव्हापासून खुंटी ४ वरच ठेवली आहे.

तरी जाणकार तंत्रज्ञाकडून वरच्या मजल्याची लाइन वर्गवार तपासून घ्यावी, आठवी ब मधील स्पीकर या लाइनसाठी योग्य आहे किंवा त्यास ट्रान्सफॉर्मर लागतो हे पाहावे व त्यानुसार दुरुस्ती करावी, ही विनंती. दुरुस्तीनंतर दोन्ही मजले एकत्र वीस मिनिटे चालवून पाहावेत. १५ ऑगस्टच्या कार्यक्रमापूर्वी काम झाल्यास सोयीचे होईल. तोपर्यंत वरच्या वर्गांना सूचना लेखी पाठवता येतील."

ओहम_शांती | दुपारी १:०५

"वीस मिनिटे चालवून पाहावेत" हे कोणी शिकवलं? फार चांगलं. आमच्यातले निम्मे लोक "हॅलो हॅलो, वन टू थ्री" म्हणून पैसे घेऊन निघून जातात. हा दोष तर सहाव्या मिनिटाला येतो.

एक राहिलं. बारीक गुणगुण सतत येते का, माइक बंद असतानाही?

सातरस्ता | दुपारी १:२०

येते. पण ती मी आले तेव्हापासून आहे, चार वर्षं. म्हणून लिहिली नाही.

ओहम_शांती | दुपारी १:२४

लिहायला हवी होती. माणूस येणारच आहे, अर्थिंग आणि माइकची वायर त्याच फेरीत बघून झाली असती.

निवृत्त_हेडमास्तर | दुपारी १:४०

असहमत. एका पत्रात एक विषय. चार वर्षांची गुणगुण घातली असती तर "जुनीच तक्रार आहे" म्हणून अख्खं पत्र मागे पडलं असतं.

ओहम_शांती | दुपारी १:४४

सर, तुम्ही फाइल बघता, मी लाइन बघतो.

कडक_भाकरी | दुपारी २:१५

मी अजून म्हणायलोय, ॲम्प पण बघून घ्या. दोन आठवडे मार खाल्लाय त्यानं.

ओहम_शांती | दुपारी २:२०

हे मात्र भाकरी बरोबर बोलला.

सातरस्ता | २ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५

काल माणूस आला होता. बाईंनी पत्राची झेरॉक्सच त्याच्या हातात दिली. तो वाचून सरळ आठवी ब मध्ये गेला, दुसरा एकही वर्ग आधी उघडला नाही. पेटी उतरवली, मागे ट्रान्सफॉर्मर नव्हता. दोन तारा थेट स्पीकरच्या पत्र्यांना पिळून लावलेल्या. ओहम_शांती, तुमच्या पाया पडते.

स्पीकर सोडवल्याबरोबर बाकीच्या आठ वर्गांत आवाज भरला. खुंटी ४ वरच. दोन्ही मजले वीस मिनिटं चालवले, बाई स्वतः घड्याळ लावून बसल्या होत्या. लाल दिवा नाही. तो माणूस सोमवारी ट्रान्सफॉर्मर आणून तोच भेटीचा स्पीकर परत लावणार आहे, त्यामुळे देणाऱ्यालाही वाईट वाटायला नको. आठवी ब सध्या गप्प आहे आणि भयंकर नाराज आहे.

दोन गोष्टी राहिल्या. नववी अ मध्ये आवाज अजून इतरांपेक्षा पडेल आहे, तो वर्ग लाइनच्या अगदी टोकाला आहे. तो म्हणाला पेटीतली वॉटची तार वेगळ्या ठिकाणी लावलेली असेल, किंवा स्पीकरचा कागद गेला असेल, सोमवारी बघू. आणि गुणगुण तशीच आहे.

निवृत्त_हेडमास्तर | सायंकाळी ७:१०

गुणगुणीसाठी आता नवीन पत्र. तारीख घालून.

ओहम_शांती | सायंकाळी ७:१२

सोमवारी तो जिन्यावर असतानाच सांगा हो. पत्र मागून द्या.

कायदेशीर_काका | सायंकाळी ७:३०

गुणगुण किती डेसिबल आहे?